ऑटो रिप्लाय आनंदी ठेवू का, असं विचारलंस म्हणून

तुझा मेसेज दोनदा वाचला. "रिप्लाय कोरडा ठेवला तर गिऱ्हाईक जाईल का?" या प्रश्नावर जरा चिडलेच, कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता आणि उत्तर चुकीचं दिलं होतं.

मी तेव्हा नाव कोरलेली पेनं विकायचे. एका बाईंनी भावाच्या वाढदिवसासाठी ऑर्डर दिली, मग तीन आठवडे काहीच नाही. एका रात्री त्यांचा मेसेज आला, "पेन नको आता. भाऊ गेला." आणि त्याच मिनिटाला माझ्या नंबरवरून गेलं, "हाय! तुमचा मेसेज बघून खूप आनंद झाला 🎉 आज काय स्पेशल?" मी झोपले होते, सकाळी पाहिलं तेव्हा दोन निळ्या टिका दिसत होत्या.

झालं काय ते नीट समजून घे. व्हॉट्सअप बिझनेसचा ग्रीटिंग मेसेज पहिल्या मेसेजला जातो, आणि चौदा दिवस गप्प राहून कोणी परत लिहिलं तरी जातो. म्हणजे जो मधे बराच काळ गायब होता नेमका त्यालाच, आणि माणूस गायब होतो तेव्हा बरेचदा घरात काहीतरी घडलेलं असतं. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते ग्रीटिंग वाचत नाही. म्हणून सांगते, न वाचता आनंद दाखवू नकोस.

मी लगेच माफी मागितली, पण कशी, तर "सॉरी, ते ऑटोमॅटिक होतं." त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे कोणी वाचलंच नव्हतं." खरंच नव्हतं. मी एकटीच सगळं बघायचे, दिवसभर मेसेज यायचे, रात्री डोळे उघडे राहायचे नाहीत, हे सगळं खरं आहे आणि आजही मला वाटतं की ऑटो रिप्लाय ठेवणं चूक नव्हतं. त्यात आनंद भरला ती चूक होती.

आणि एवढ्यावर थांबलं नाही बरं. त्यांच्या भावाची तारीख माझ्या वाढदिवसाच्या ऑफरच्या यादीतही होती, ग्रीटिंग बंद केलं म्हणून ती यादी बंद होत नाही, ती वेगळी. तारखेच्या चार दिवस आधी योगायोगाने दिसली म्हणून हाताने काढली.

आता माझ्याकडे एवढंच जातं: "मेसेज मिळाला. मी स्वतः वाचून उद्या सकाळी अकरापर्यंत उत्तर देते." इमोजी नाही, "आनंद झाला" नाही. एकही गिऱ्हाईक गेलं नाही त्यामुळे, ऐकतोयस ना? न वाचता आनंद नाही, किती वेळा सांगू!

तुझा मजकूर घे आणि त्याच्या वर "बाबा गेले, ऑर्डर कॅन्सल करा" असं लिहून दोन्ही एकत्र वाच. आणि टेस्ट करताना रोजचा नंबर वापरू नकोस, त्यावरून आधी बोलणं झालंय म्हणून ग्रीटिंग जाणारच नाही आणि तुला वाटेल सगळं ठीक आहे. ज्या नंबरवरून तुला कधीच मेसेज आला नाही असा कोणाचा तरी फोन माग, आणि काय येतं त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव.