'चक्कर'ला नेमका शब्द

प्रश्न : मी ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. 'चक्कर येते' म्हणणाऱ्या रुग्णांच्या रेफरल चिठ्ठीत मी 'व्हर्टिगो' लिहिते. जिल्हा रुग्णालयातले सर म्हणतात, 'हे नेमकं नाही.' मग 'चक्कर'साठी बिनचूक वैद्यकीय शब्द कोणता?

उत्तर : असा एक शब्द नाही. व्युत्पत्ती पाहिली तर तुमचा शब्द चुकीचा वाटत नाही. 'चक्कर' चक्रावरून आला आणि 'व्हर्टिगो' ज्या लॅटिन धातूवरून आला, तो आपल्या 'वृत्', 'आवर्त' यांचा सख्खा नातेवाईक. पण वापरात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्हर्टिगो म्हणजे स्वतः किंवा भोवतालचं जग फिरत असल्याचा, हलत असल्याचा खोटा भास. 'चक्कर' मात्र उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येण्यालाही म्हणतात, चालताना तोल जाण्यालाही आणि उपाशीपोटी गळून गेल्यासारखं वाटण्यालाही. 'भोवळ' आणि 'घेरी' यांच्यातही फिरणं आहे, तरी 'भोवळ येऊन पडली' याचा अर्थ बहुतेकदा शुद्ध हरपली असाच असतो.

म्हणून पहिला प्रश्न 'म्हणजे नेमकं काय होतं?' हाच असावा. घर फिरतं, अंधारी येते की झोकांड्या जातात, हे रुग्णाला सांगू द्या. पर्याय तुम्ही पुरवू नका. पण त्या उत्तरावर सगळा भार टाकू नका. तोच माणूस दहा मिनिटांनी वेगळा शब्द वापरतो. किती वेळ टिकतं आणि कशाने सुरू होतं, ही उत्तरं त्यापेक्षा पक्की असतात.

खरी गफलत माझ्या मते 'चक्कर'मध्ये नसून 'सारखी'मध्ये आहे. 'चार दिवस सारखी चक्कर येतेय' याचे मराठीत दोन अर्थ होतात : अखंड, किंवा पुन्हा पुन्हा. वैद्यकात ही दोन वेगळी दुखणी आहेत. थोड्या वेळाचे झटके बहुधा अंतर्कर्णातले कण सरकल्यामुळे येतात. दिवसचे दिवस न थांबणारं गरगरणं मात्र संतुलनाच्या नसेला आलेली सूज असू शकते, नाहीतर लहान मेंदूतला पक्षाघात.

समजा, 56 वर्षांच्या बाई सांगताहेत : 'चार दिवस सारखं गरगरतंय, डोकं जड झालंय, उलटीसारखं होतं.' यात तीन सापळे आहेत. पहिला 'सारखं'. 'मान न हलवता निवांत पडून असता, तेव्हा?' असं विचारा. 'तेव्हा काही नाही. उजव्या कुशीवर वळलं की घर फिरतं,' असं उत्तर आलं तर हे झटके आहेत. नुसतं 'हलल्यावर वाढतं का?' विचारून भागत नाही, कारण हालचालीने प्रत्येक प्रकारचं गरगरणं वाढतं. स्थिर असताना ते पूर्ण थांबतं का, हे महत्त्वाचं. किती वेळ टिकतं याचं उत्तर 'पाच-दहा मिनिटं' असं येईल. मागे रेंगाळणारी मळमळ त्यात मोजलेली असते, म्हणून घर फिरायचं कधी थांबलं, तेवढंच वेगळं विचारा. दुसरा सापळा 'डोकं जड' : दुखतं का, हे विचारल्याशिवाय डोकेदुखी लिहू नका. तिसरा 'उलटीसारखं' : ही मळमळ, उलटी नव्हे.

मग चिठ्ठी अशी होईल :

> स्त्री, 56 वर्षे. रुग्णाच्या शब्दांत : 'सारखं गरगरतंय.' 4 दिवसांपासून व्हर्टिगोचे वारंवार झटके, प्रत्येक 1 मिनिटाहून कमी; उजव्या कुशीवर वळताना सुरू होतात, मधल्या वेळात लक्षण नाही. मळमळ आहे, उलटी नाही. बहिरेपणा, कानात आवाज, डोकेदुखी, दुहेरी दिसणे, बोलण्यात जडपणा, हातापायांत अशक्तपणा नाही. आधाराविना चालते. रक्तदाब : आडवे 138/84, उभे राहून 3 मिनिटांनी 132/82. डिक्स-हॉलपाइक : उजवीकडे काही सेकंदांनी वरच्या दिशेचा, पीळ असलेला निस्टॅग्मस, 1 मिनिटाच्या आत थांबला, डावीकडे नाही. तात्पुरते निदान : उजवा बीपीपीव्ही. इएनटी मत व एप्लीसाठी.

यात रुग्णाचं वाक्य अवतरणात तसंच ठेवलं आहे. तुमच्या अर्थात चूक असेल तर पुढच्या डॉक्टरला ती तिथून शोधता येते. 'नाही'ची यादीही गाळू नका, पण जे विचारलंत तेवढंच तिच्यात घाला. उभं राहून वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला असता आणि तेव्हाच अंधारी आली असती, तर 'व्हर्टिगो' खोडून 'उभे राहताच बेशुद्ध पडल्यासारखे वाटणे, प्रीसिन्कोप' लिहावं लागलं असतं आणि औषधांची यादी जोडावी लागली असती.

त्याच बाईंनी 'पडून असतानाही थांबत नाही' म्हटलं असतं, किंवा त्यांना आधाराशिवाय उभंच राहता आलं नसतं, तर चिठ्ठीत 'अखंड व्हर्टिगो, सुरुवात अमुक तारखेला, अमुक वाजता' असं लिहून इएनटीऐवजी मेडिसिनच्या तातडीच्या विभागात त्याच दिवशी पाठवा.