रोज दहा शेअर, दुपारी तीननंतर : ब्रोकरच्या पत्राला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : जूनमध्ये चार रुपयांना असलेला एका छोट्या कंपनीचा शेअर व्हॉट्सॲप ग्रुपवर सुचवला गेला. रोज अपर सर्किट लागत होते, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकत होता. ग्रुप चालवणाऱ्यांनी 'रोज तीननंतर वरच्या भावाने फक्त दहा शेअर घ्या, शेअर मजबूत राहील' असे सांगितले. मी अकरा दिवस तसे घेतले. मग एकोणीस रुपयांच्या आसपास वीस हजार शेअर घेतले. त्यानंतर सलग दहा लोअर सर्किट, विकायला गेलो तर घेणारा नाही. आता शेअर देखरेख यादीत गेला आहे. ब्रोकरने ईमेलने सात दिवसांत खुलासा मागवला आहे आणि ग्रुपवाले 'चाळीस हजार भरा, तुमचा माल बाहेर काढून देतो' म्हणतात. मी गुन्हेगार ठरतो का? पैसे परत मिळतील का? — एक निवृत्त वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. चाळीस हजार रुपये भरू नका, आणि ग्रुपमधला एकही संदेश पुसू नका. ही दोन कामे आधी, बाकीचे सविस्तर सांगतो.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या अकरा दिवसांतले दहा-दहा शेअर. तुमच्या दृष्टीने ती दोनशे रुपयांच्याही आतली किरकोळ खरेदी होती, परंतु बाजाराच्या हिशेबात तिला फार मोठी किंमत होती. शेअरचा दिवसाचा बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे तीन ते साडेतीनमध्ये, झालेल्या व्यवहारांच्या भारित सरासरीने ठरतो, आणि त्या अर्ध्या तासात व्यवहारच झाला नसेल तर दिवसातला शेवटचा व्यवहार बंद भाव म्हणून धरला जातो. ज्या शेअरमध्ये दिवसभरात दोन-अडीच हजार शेअरचीच देवाणघेवाण होते, तिथे तीननंतरचा दहा शेअरचा एखादा व्यवहार बंद भाव वर ओढू शकतो. 'तीननंतर' ही वेळ म्हणूनच सांगितली गेली होती.

आता किंमतपट्ट्याकडे येऊ. एक्स्चेंज प्रत्येक शेअरला आदल्या दिवशीच्या बंद भावाच्या प्रमाणात २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा ठरवून देते आणि त्या दिवशी भाव त्यापलीकडे जाऊ शकत नाही. (ज्यांचे वायदे चालतात अशा मोठ्या शेअरना वेगळा नियम आहे, तो तुम्हाला लागू नाही.) अफवेवर एका दिवसात भाव दुप्पट होऊ नये हा या पट्ट्याचा हेतू आहे आणि तो रास्तच आहे. मात्र पट्टा फक्त वेग रोखतो, भाव कोणत्या दिशेने जातो यावर त्याचे नियंत्रण नसते. आणि दुर्मीळ व्यवहाराच्या शेअरमध्ये हाच पट्टा भाव फुगवणाऱ्याचे काम स्वस्त करून टाकतो.

एक हिशेब मांडून पाहा. शेअर चार रुपयांना आहे आणि पट्टा ५ टक्क्यांचा, म्हणजे आजची वरची मर्यादा ४ रुपये २० पैसे. विक्रीच्या बाजूला ३०० शेअर ४.०५ ला, ५०० शेअर ४.१२ ला आणि ४५० शेअर ४.२० ला उभे आहेत. हे सगळे उचलायला लागतात ५,१६५ रुपये. तेवढ्यात अपर सर्किट लागते, आणि कंपनीचे दोन कोटी शेअर असतील तर कागदोपत्री तिचे मूल्य त्या दिवशी चाळीस लाखांनी वाढते. नंतर दोन-चार खात्यांतून ४.२० ला लाखभर शेअरच्या खरेदीच्या ऑर्डर लावून ठेवल्या, की पाहणाऱ्याला वाटते केवढी मागणी आहे. विकणारा कोणी नसल्याने त्या ऑर्डर पूर्ण होण्याची भीती फारशी नसते, आणि शंका आली तर त्या रद्दही करता येतात. उद्याचा पट्टा आजच्या वाढलेल्या बंद भावावर बसतो. असे ५ टक्क्यांनी १५ दिवसांत भाव दुप्पट होतो, आणि चार रुपयांपासून एकोणीस रुपयांपर्यंत जायला सुमारे ३२ दिवस पुरतात. मोठ्या कंपनीत हे शक्य नसते, कारण तिथे भाव जरा वाढला की विकायला हजारो धारक पुढे येतात. इथे बहुतेक शेअर मोजक्या हातांत असतात आणि ते हात ठरवून विकत नाहीत.

मग ते विकतात केव्हा? तुम्ही एक काम करा. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर त्या शेअरची दिवसागणिक उलाढाल विनामूल्य मिळते. तुमची वीस हजारांची खरेदी ज्या दिवशी झाली, त्या दिवसाचा आकडा आधीच्या महिन्याशी ताडून पाहा. रोज अपर सर्किटमुळे कोणालाच शेअर मिळत नसताना तुम्हाला वीस हजार शेअर सहज मिळाले असतील आणि उलाढाल एकदम अनेक पटींनी वाढली असेल, तर त्या दिवशी माल बाहेर काढला जात होता असे मानायला जागा आहे. समोरचा विक्रेता कोण हे तुम्हाला दिसत नाही, पण एक्स्चेंज आणि सेबी यांना प्रत्येक व्यवहारामागचा पॅन आणि ऑर्डरची सेकंदापर्यंतची वेळ दिसते.

देखरेख यादीबद्दल मोठा गैरसमज आहे. यादीत नाव जाणे हा कंपनीवरचा ठपका नव्हे. भावातील चढउतार, उलाढाल अशा ठरलेल्या निकषांवर शेअर यादीत जातो. जीएसएम ही यादी २०१७ साली आली, एएसएम २०१८ साली, आणि जून २०२३ मध्ये ५०० कोटींहून कमी बाजारमूल्याच्या कंपन्यांसाठी ईएसएम सुरू झाली. तुमचा शेअर कोणत्या यादीत, कोणत्या टप्प्यावर आहे ते ब्रोकरच्या ॲपवरील सूचनेत पाहा. ईएसएमच्या पहिल्या टप्प्यात व्यवहार ट्रेड-टू-ट्रेड होतात, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकता येत नाही, पूर्ण रक्कम आधी भरावी लागते आणि पट्टा ५ किंवा २ टक्क्यांचा असतो. दुसऱ्या टप्प्यात २ टक्क्यांचा पट्टा आणि ठरावीक वेळांच्या लिलावाने व्यवहार. यादी नव्याने येणाऱ्या खरेदीदाराला सावध करते; आधीच अडकलेल्या धारकासाठी मात्र तिचा परिणाम असा होतो की उरलेसुरले खरेदीदारही निघून जातात आणि २ टक्क्यांनी उतरत भाव निम्मा व्हायलाच सुमारे ३४ दिवस लागतात. तुमच्यासारख्यांची ही कोंडी मला फार जाचते, पण तिच्याविरुद्ध दावा करता येत नाही, आणि खरे सांगायचे तर तुमचे नुकसान यादीने केलेले नाही.

आता तुमच्या कायदेशीर स्थितीकडे. सेबीची २००३ सालची फसव्या व अनुचित व्यापार प्रथांना प्रतिबंध करणारी विनियमावली आहे. तिच्या विनियम ४(२) नुसार व्यवहाराचा खोटा आभास निर्माण करणे आणि भावात फेरफार करणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. त्यासाठी सेबी कायद्याच्या कलम १५एचए खाली किमान पाच लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. कमाल मर्यादा पंचवीस कोटी किंवा मिळवलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांतील जी जास्त असेल ती. 'माझ्याविरुद्ध थेट पुरावा कुठे आहे?' हा बचाव इथे पुरत नाही. किशोर अजमेरा प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हातमिळवणीचा थेट पुरावा नसला तरी ती परिस्थितीवरून अनुमानित करता येते. शेअरमध्ये व्यवहार किती तुरळक होते, ऑर्डर किती जवळच्या वेळी पडल्या, प्रकार किती दिवस चालला, हे पाहिले जाते. तुमचे अकरा दिवस, तीच वेळ आणि तीच दहाची संख्या या कसोट्यांवर नेमकी उठून दिसते, आणि ब्रोकरचे पत्र बहुधा त्यामुळेच आले आहे.

परंतु तुमच्या बाजूनेही भक्कम गोष्टी आहेत. तुम्ही चढ्या भावात एकही शेअर विकला नाही, तुम्हाला कोणताही मोबदला मिळाला नाही, वीस हजार शेअर आजही तुमच्या डिमॅट खात्यात आहेत आणि पैसा तुमच्याच बँक खात्यातून गेला. भाव फुगवणाऱ्याचे वागणे याच्या नेमके उलट असते. म्हणून खुलाशात ग्रुपचा उल्लेख लपवू नका. 'कंपनीचा अभ्यास करून घेतले' असे लिहाल आणि उद्या तो ग्रुप तपासात सापडेल, तर खोटे विधान दंडापेक्षा महाग पडेल. कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखांना, किती शेअर घेतले हे कॉन्ट्रॅक्ट नोटवरून पाहून लिहा. विक्रेत्यांशी किंवा कंपनीच्या प्रवर्तकांशी संबंध नसल्याचे स्पष्ट करा. सोबत बँकेचा व डिमॅटचा उतारा जोडा. मात्र 'मी फेरफारात भाग घेतला' किंवा 'मी निर्दोष आहे' असे निष्कर्ष लिहू नका. वस्तुस्थिती लिहा, निष्कर्ष तपासणाऱ्यावर सोडा.

चाळीस हजारांच्या प्रस्तावात दुहेरी धोका आहे. बहुतेक वेळा पैसे घेऊन ते लोक नाहीसे होतात. आणि त्यांनी खरोखर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भावाने दुसऱ्या खात्यातून तुमचा माल उचलला, तर तो संगनमताचा व्यवहार ठरतो आणि या वेळी विक्रेता तुम्ही असता. वर मांडलेला तुमचा सगळा बचाव त्या एका व्यवहाराने कोसळेल. विकायचे असेल तर बाजारातच, सकाळी लवकर, खालच्या मर्यादेच्या भावाने ऑर्डर लावा. सर्वांचा भाव एकच असताना ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी लागतो.

पैशाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. सेबी ज्या बाबींत निर्णय देऊ शकते, त्यांबाबत कलम २०ए मुळे दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. सेबी कायद्याखालील फौजदारी तक्रारही कलम २६ मुळे फक्त सेबीच करू शकते. scores.sebi.gov.in वर तक्रार करा, मात्र भावातील फेरफाराची माहिती तिथे वैयक्तिक तक्रार म्हणून नव्हे, तर बाजारविषयक माहिती म्हणून धरली जाते. तिच्यावर चौकशी होऊ शकते, तुम्हाला भरपाईचा आदेश त्यातून थेट निघत नाही. दोषींकडून वसूल झालेला नफा गुंतवणूकदारांना वाटला जाऊ शकतो, पण त्यावर संसाराचा हिशेब बसवू नका. फसवणुकीची फिर्याद वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ती पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत देता येईल. चाळीस हजार मागणारा संदेश आणि बँक खात्याचा क्रमांक तिथे फार उपयोगाचा आहे. तुम्ही ती रक्कम आधीच पाठवली असेल, तर आजच १९३० या क्रमांकावर कळवा.

व्हॉट्सॲपमधील संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, पण फोनही जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणे सोपे जाते. खुलासा मुदतीच्या आत, ब्रोकरच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याच्या नावे, ज्या ईमेलवरून विचारणा आली त्यालाच उत्तर म्हणून पाठवा. कॉन्ट्रॅक्ट नोटा गोळा करायला वेळ लागणार असेल, तर सातव्या दिवसाची वाट न पाहता आत्ताच लेखी मुदतवाढ मागा.