स्थितांबरात ‘स्थित’ काय असतं?

प्रश्न : स्थितांबरात तापमान स्थित म्हणजे स्थिर असतं ना? मग आकृतीत तिथली रेषा उजवीकडे का झुकवतात? सगळ्या थरांची नामनिर्देशित आकृती कशी काढायची आणि कुठे काय घडतं तेही सांगा.

नाही, तापमान तिथे स्थिर नसतं. ‘स्थितांबर : तापमान स्थिर’ हे वाक्य गाइडांतून आणि क्लासच्या नोट्समधून ऐकून ऐकून कान किटले आहेत. साधारण २० किलोमीटर उंचीवर उणे ५६ अंश सेल्सिअस असलेलं तापमान ५० किलोमीटरच्या आसपास शून्याच्या जवळ येतं. पन्नासेक अंशांच्या या चढणीला स्थिर कुठल्या तोंडानं म्हणायचं?

स्थित असते ती हवा. खालच्या थरात, म्हणजे तपांबरात, जमीन तापते, तिच्या लगतची हवा गरम आणि हलकी होऊन वर जाते, वरची थंड हवा खाली येते. ही उलथापालथ सतत चालू असते आणि ढग, पाऊस, वादळं हा सगळा संसार तिच्यावरच चालतो. स्थितांबरात याच्या उलट : वर ऊब, खाली गारठा. तिथे हवेचा एखादा गोळा वर ढकललात, तर तो प्रसरण पावून आजूबाजूच्या हवेपेक्षा गार आणि जड होतो आणि मुकाट खाली परततो. आडवे वारे असतातच, पण उभी ढवळाढवळ जवळजवळ बंद. थोडक्यात, तापमान वाढत जातं म्हणूनच हवा स्थित राहते.

आता मला ज्यात खरा रस आहे तिकडे वळतो. काही कोशकार म्हणतात की ‘स्थितांबर’ हे चुकीचं भाषांतर आहे, ‘स्तरांबर’ हवं होतं. व्युत्पत्तीपुरतं त्यांचं बरोबर आहे, आणि ती व्युत्पत्ती गोडच आहे. स्ट्रॅटोस्फिअरमधला ‘स्ट्रॅटो’ लॅटिन ‘स्ट्रॅटम’वरून आला, म्हणजे पसरलेलं, अंथरलेलं. आपल्याकडे ‘स्तृ’ म्हणजे पसरणे. विस्तार, प्रस्तर आणि स्तर हे शब्द त्याच धातूचे. लॅटिन आणि संस्कृत ही दोन्ही रूपं एकाच मूळ घराण्यातली. दगड अंथरून केलेल्या रोमन रस्त्यावरून आलेला इंग्रजी ‘स्ट्रीट’सुद्धा त्यांचा चुलतभाऊ. ‘स्थित’ मात्र ‘स्था’चा, त्याचं गोत्रच वेगळं.

तरीही मी स्थितांबराच्याच बाजूनं उभा राहीन. थर तर सगळेच आहेत. त्यातल्या एकालाच ‘थराचं अंबर’ म्हणून काय कळलं? ‘स्थित’ निदान तिथे काय घडतं ते सांगतो. माझा तर्क असा की हे नाव घडवणाऱ्यानं मूळ शब्दाकडे पाठ फिरवून हवेकडे पाहिलं. शब्दाला शब्द जोडणाऱ्यांना ही सूट मानवत नाही, त्याला माझा इलाज नाही. उलट ‘तपांबर’ मला फिकं वाटतं. ट्रोपोस्फिअरमधला ग्रीक ‘ट्रोपोस’ म्हणजे वळणं, उलटणं. तिथे ‘क्षोभावरण’ हा पर्याय कितीतरी जिवंत आहे. तप म्हटलं की आधी ऋषी आठवतात.

तापमान स्थिर असल्याचा समज मात्र अगदीच निराधार नाही. पॅरिसजवळ त्राप इथे लेऑं तेसरँ द बोर हा फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ उपकरणं बांधलेले फुगे सोडत असे. साधारण ११ किलोमीटरच्या वर तापमापक घसरायचे थांबत. आधी वाटलं, उन्हानं उपकरण तापत असेल; म्हणून त्यानं रात्री फुगे सोडले. आकडा तोच! २३६ उड्डाणांच्या नोंदी घेऊन १९०२ मध्ये त्यानं हे जाहीर केलं. त्याचे फुगे त्या थराच्या तळाशीच पोचत होते आणि तळाशी तापमान काही किलोमीटर खरोखरच एका आकड्यावर राहतं. वरची चढण पुढे कळली. आपले गाइडवाले अजून १९०२ मध्येच आहेत.

घसरण थांबते त्या सीमेचं मराठी नाव ‘तपस्तब्धी’, आणि या अख्ख्या यादीत माझा सगळ्यात लाडका शब्द हाच. स्तब्ध म्हणजे थांबलेला, खिळलेला. ‘स्तंभ’ त्याच धातूचा. तपांबरात दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश कमी होतात. जमिनीवर १५ अंश धरले, तर ११ किलोमीटरवर साडेएकाहत्तर अंश उतरून उणे साडेछप्पन्न. इथे तपस्तब्धी. विषुववृत्तावर जमिनीवर २७ अंश असले तरी तिथे तपस्तब्धी १६-१७ किलोमीटरवर असते. साडेसोळा किलोमीटरांत १०७ अंश गेले, उरले उणे ८०. ध्रुवांवर ती आठ-नऊ किलोमीटरवरच येते आणि तिथे साधारण उणे ५० असतं. म्हणजे सगळ्यात उष्ण जमिनीच्या डोक्यावर सगळ्यात गार तपस्तब्धी! पृथ्वीभोवती सगळीकडे सारख्या जाडीचा पट्टा रंगवणाऱ्या आकृत्या हेच लपवतात. तपस्तब्धी डोळ्यांनी पाहायची तर गडगडाटी ढगाचा माथा पाहा : वर चढणारा ढग तिथे अडतो आणि ऐरणीसारखा आडवा पसरतो.

हां, आकृती राहिली. आडव्या अक्षावर तापमान, डावीकडे उणे. उभ्या अक्षावर उंची. जमिनीपासून निघालेली रेषा डावीकडे झुकवत तपस्तब्धीपर्यंत न्या, थोडी सरळ उभी ठेवा, मग उजवीकडे वळवा. या वळणाशेजारी ‘ओझोन, अतिनील किरण शोषले जातात’ असं लिहा. ओझोन सर्वांत दाट असतो २०-२५ किलोमीटरवर, पण ऊब सर्वांत जास्त ५० जवळ, कारण सूर्याकडून येणारे किरण आधी वरच्या ओझोनला भेटतात आणि तिथली हवा इतकी विरळ की थोड्या उष्णतेनंही तापते. ५० च्या आसपास स्थितस्तब्धी. पुढे मध्यांबर, रेषा पुन्हा डावीकडे : ओझोन सरत जातो आणि ८५-९० किलोमीटरच्या सुमारास मध्यस्तब्धीशी उणे ८५-९० अंश होतात. बहुतेक उल्का याच टापूत जळतात. त्याच्या वर उष्णांबर, रेषा जोरात उजवीकडे, हजार अंशांच्याही पुढे जाऊ शकते. तिथे उघडा हात धरलात तर मात्र भाजणार नाही, कारण रेणू वेगवान असले तरी फारच थोडे.

‘आयनांबर’ हा वेगळा थर म्हणून या रांगेत घुसडू नका. बाकीची नावं तापमानाच्या वळणांवरून पडली आहेत, हे विद्युत्भारित कणांवरून. ते मध्यांबराच्या वरच्या भागापासून उष्णांबरात पसरलेलं असतं. दाखवायचंच तर बाजूला उभा कंस काढून दाखवा. आणि उष्णांबराच्याही वर असलेल्या शेवटच्या थराच्या, बाह्यांबराच्या, माथ्यावर रेघ मारू नका. तिथे स्तब्धी नाही, हवा विरळ होत जाते, एवढंच. वर जाणारा बाण काढा.