इंजिनिअर बाई स्वतःचा बायो लिहायला बसते, ती गोष्ट लिहिताय ना, मग आधी एवढं बघा

कल्पना मस्त आहे ताई, पण पहिल्याच पानावर तिला रडवू नका, आणि साहेबांनी कौतुक केलं म्हणून अभिमान वाटला असं तर अजिबातच नको, नवीन लिहिणारे हमखास तिथेच घसरतात.

तिला सिव्हिलची ठेवा, साइटवरची. "१२ वर्षांचा अनुभव" टाइप करते, खोडते, परत तेच. मग तारखा शोधायला काँक्रीटचे क्यूब फोडून ताकद तपासतात त्याचं जुनं क्यूब रजिस्टर उघडते तर त्यात एम३० काँक्रीटचे २८ दिवसांचे क्यूब ३० ऐवजी २२ एमपीएलाच फुटलेले, आणि कॉन्ट्रॅक्टर बोंबलत असताना तिने वरचा स्लॅब अडवून तपासणीसाठी झालेल्या काँक्रीटमधून कोअर काढायला लावलेले, खाली तिचीच सही. ती सही दाखवा, "अभिमान" हा शब्द टाळा.

फ्लॅशबॅक वगैरे नंतर बघू, आधी हा सीन लिहून टाका.