वापरलेल्या फोनची किंमत ठरवताना बॅटरी, तडा आणि बॉक्स यांचा हिशोब कसा लावायचा?

प्रश्न: दोन वर्षं वापरलेला आयफोन विकायचा आहे. बॅटरी हेल्थ ८४% दाखवतोय, मागच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय, स्क्रीन चांगली आहे. बॉक्स आणि बिल आहे, वेगळा घेतलेला चार्जर मात्र हरवला. किती किंमत लावली तर योग्य होईल?

उत्तर: जुने फोन घेणं-विकणं हेच माझं काम आहे, त्यामुळे आधी एक नको असलेली गोष्ट सांगतो. तुम्ही फोन कितीला घेतला होता, याच्याशी घेणाऱ्याला काडीचं घेणं-देणं नसतं. तो एवढंच बघतो की तेवढ्याच पैशात आज त्याला दुसरं काय मिळतंय. म्हणून ‘दोन वर्षं झाली, म्हणजे दरवर्षी इतके टक्के कमी’ असला हिशोब धरू नका. वयाचा परिणाम बाजारभावात आधीच उतरलेला असतो. तो आयता उचलायचा आणि मग आपल्या फोनपुरती बेरीज-वजाबाकी करायची.

बाजारभाव म्हणजे जाहिरातीत लिहिलेली किंमत नव्हे. तिथे लोक मनातली किंमत लिहितात आणि तोच फोन आठवडेच्या आठवडे तसाच पडून असतो. ज्या साइटवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, तिथे त्याच बघा. ईबेवर `Sold items` असा फिल्टर असतो. अशी सोय नसेल तर तुमचंच मॉडेल, तेवढंच स्टोरेज असलेल्या काही जाहिराती लक्षात ठेवा आणि कोणत्या पटकन गायब होतात ते बघा. ज्या दोन-चार दिवसांत जातात त्यांच्या किमतीच्या जरा खाली खरा भाव असतो. स्टोरेज जुळवायला विसरू नका, बरेच जण तिथेच गडबड करतात. आणि फोनचं वय तुमच्या बिलापासून नाही, मॉडेल बाजारात आलं तिथपासून मोजा. एखादं मॉडेल येऊन वर्ष झाल्यावर तुम्ही ते घेतलं असेल, तर बाजाराच्या लेखी तो तीन वर्षांचा फोन आहे, कारण कंपनीचे अपडेट मॉडेल आल्यापासूनच मोजले जातात.

आता आकडे मांडू. देश आणि मॉडेलप्रमाणे रक्कम बदलते, म्हणून तुम्ही नवीन घेताना दिलेली रक्कम १०० धरतो. बाकीचे आकडेही उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तेच मॉडेल आज नवं ६८ ला मिळतंय, दुकानदाराने तपासून, वॉरंटी देऊन विकलेलं ५४ ला, आणि घरगुती विक्रीत चांगल्या अवस्थेतला, चार्जरसकट फोन ४६ च्या आसपास जातोय. शिवाय एखाद्या बायबॅकवाल्याकडून, म्हणजे जुने फोन थेट विकत घेणाऱ्याकडून, तुमच्या फोनचा भाव काढा. तिथे ‘मागची काच फुटलेली’ हा पर्याय प्रामाणिकपणे निवडा, नाहीतर घरी येऊन तपासताना तो रक्कम कमी करतोच. समजा तो ३० म्हणाला. म्हणजे तुमचं मैदान ३० ते ४६. ३० च्या खाली विकायचं कारण नाही आणि ४६ च्या वर कोणी देणार नाही.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. तुमच्या ८४ टक्क्यांसाठी मी काहीही कापणार नाही. ज्या दोन वर्षं वापरलेल्या फोनांवरून आपण ४६ हा भाव काढला, त्यांची बॅटरीही साधारण तुमच्याच इतकी उतरलेली असते. तो उतार भावात आलेला आहे. आता पुन्हा वजा केलात तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा कापून घेतल्यासारखं होईल. समोरचा नेमका हाच डाव टाकतो: ‘बॅटरी ८४ आहे, थोडं कमी करा.’ त्याला सांगा की या वयाच्या बहुतेक फोनांत एवढीच असते.

बॅटरीमुळे होणाऱ्या कपातीला वरची मर्यादाही असते, ती म्हणजे बॅटरी बदलायचा खर्च. समजा अधिकृत केंद्रात तो ५ आहे. मग बॅटरी कितीही मेलेली असली तरी त्यापोटी ५-६ पेक्षा जास्त कापणं रास्त नाही. उलट बाजूनेही तेच. तुमची बॅटरी ९५ असती तरी त्याचे फार तर १-२ जास्त मिळाले असते, कारण कोरी बॅटरीच ५ ला पडते. खरी अडचण ८० च्या खाली सुरू होते. `Maximum Capacity` चा आकडा तिथे गेला की फोन स्वतःच `Service` असा शेरा दाखवायला लागतो. असा शेरा दिसला की घेणारा बॅटरीचा पूर्ण खर्च वजा करतो आणि काही जण तर फोनही करत नाहीत. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंग चक्रांनंतर ८०% उरेल अशी बनवलेली असते, आणि १५ च्या मालिकेपासून १००० चक्रांनंतर. त्यामुळे तुमचा १५ किंवा त्यापुढचा असेल, तर सेटिंगमध्ये चक्रांचा आकडाही दिसतो, त्याचा फोटो जाहिरातीत टाका. ८४ च्या शेजारी कमी चक्रं दिसली की समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

विकण्याआधी बॅटरी बदलून घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. ८४ वर तर मुळीच नको. ५ घालाल आणि जेमतेम २-३ परत येतील. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्त बॅटरी बसवणं तर त्याहून वाईट. नव्या आयफोनांत सेटिंगमध्ये फोनची माहिती उघडली की बदललेल्या भागांची नोंद दिसते, आणि तिथे `Unknown Part` असं आलं की घेणारा विचारतो, ‘आणखी काय काय उघडलंय यात?’ मग बॅटरी कोरी असूनही भाव पडतो.

आता काच. इथे मात्र वजाबाकी दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त होते. दुरुस्ती ६ ची असेल तर घेणारा ८ कापतो, कारण त्याला खेप पडणार, फोन दोन दिवस दुसऱ्याकडे द्यावा लागणार, आणि उघडल्यावर आत अजून काही निघेल ही धास्ती. तडा नेमका कुठे आहे तेही बघा. खालच्या कोपऱ्यात असेल आणि कव्हरखाली झाकला जात असेल, तर बरेच जण दुरुस्तीच करत नाहीत, ते ८ च्या जागी ५-६ वर तयार होतात. तोच तडा कॅमेऱ्याच्या कडीपर्यंत गेला असेल तर धूळ-पाणी आत जायची भीती असते, आणि तिथे ८ ही कमी वाटतात. फोन दिव्याखाली तिरका धरा आणि तड्याचं टोक कुठे थांबतंय ते बघा, मग तोच कोन धरून फोटो काढा.

स्क्रीन चांगली आहे असं तुम्ही म्हणता, पण विकण्याआधी दोन गोष्टी करून बघा. नख हलकेच चरा असलेल्या जागेवरून फिरवा. अडकलं तर तो चरा ‘किरकोळ’ नाही, जाहिरातीत तसं लिहा. नख सरळ गेलं तर तो धरायचाही नाही. दुसरं म्हणजे राखाडी रंगाचं एक साधं चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि ब्राइटनेस वाढवा. वरच्या चिन्हांचा किंवा कीबोर्डचा पुसट ठसा दिसला तर स्क्रीनवर कायमचा डाग बसलाय. घेणाऱ्याने तो तुमच्यासमोर पकडला तर त्या एका क्षणात तो १०-१२ कापतो, शिवाय तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही जातो. स्क्रीन कडेने वर उचललेली दिसली तर मात्र किंमत वगैरे राहू द्या. आत बॅटरी फुगलेली असू शकते, तो फोन चार्जिंगला न लावता आधी दाखवून घ्या.

चार्जरचं सोपं आहे. आयफोन १२ पासून ॲपल बॉक्समध्ये ॲडॉप्टर देतच नाही, फक्त केबल देते, त्यामुळे तुमचा हरवलेला ॲडॉप्टर मुळात फोनचा भागच नव्हता. पण ज्यांच्याशी आपण तुलना केली ते चार्जरसकट गेले होते, म्हणून २ वजा करतो. कव्हर, स्क्रीनगार्ड, इअरफोन यांचे वेगळे पैसे मागू नका, घासाघीस अडकली की ‘कव्हर राहू द्या तुमच्याकडे’ म्हणायला ते कामी येतात. बॉक्स आणि बिलाचा उपयोग वेगळा आहे. त्यांनी किंमत फारशी वाढत नाही, पण फोन चोरीचा नाही हे दिसतं. बॉक्सवरचा आयएमईआय आणि `*#06#` डायल केल्यावर दिसणारा नंबर एकच आहे हे भेटीत समोरासमोर दाखवा. जाहिरातीत मात्र तो नंबर झाकूनच फोटो टाका.

बेरीज-वजाबाकी अशी: ४६ मधून काचेचे ८ आणि चार्जरचे २ गेले, उरले ३६. हा तुमच्या फोनचा खरा भाव. जाहिरात ३९ ला टाका, म्हणजे बोलून ३६-३७ ला बसेल. ४४ ला टाकलीत तर फोन येतील ते फक्त ‘लास्ट किती’ विचारणाऱ्यांचे. ३३ च्या खाली कोणी बोलत असेल तर बायबॅकच्या ३० शी तुलना करा. ३ साठी चार अनोळखी माणसांना भेटायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मी असतो तर कोणी ३२ म्हणाला तरी त्यापेक्षा ३० देणारा बायबॅकवालाच बरा म्हटलं असतं.

किंमत ठरली की वाट बघत बसू नका. त्या कंपनीचं नवं मॉडेल येऊ घातलं असेल तर त्याआधीच विका, कारण तेव्हा जुने फोन एकदम बाजारात येतात आणि ४६ चा आकडाच खाली सरकतो. आठवड्याभरात एकही गंभीर विचारणा आली नाही, तर तो आकडा पुन्हा तपासा आणि २ ने उतरा. आणि फोन हातात देण्याआधी ‘फाइंड माय’ बंद करून, ॲपल अकाउंटमधून साइन आउट होऊन मगच रिसेट मारा. अकाउंट अडकलेला आयफोन घेणाऱ्यासाठी फक्त सुट्ट्या भागांच्या किमतीचा असतो.