किडनीदात्याच्या बहिणीने रजा कधी घ्यावी?

"माझा दादा वहिनीला किडनी देणार आहे. तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर खलाशी आहे. ६ जूनला मुंबईत शस्त्रक्रिया ठरली आहे. दादा कामावर कधी जाऊ शकेल? मी टपाल खात्यात नोकरीला आहे. अवयवदानासाठी ४२ दिवसांची रजा मिळते असे ऐकले, ती मला मिळेल का? माझी अर्जित रजा २१ दिवसच शिल्लक आहे."

मी उत्तर दिले: ताई, आधी रजेचे सांगते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते हे खरे आहे, पण ती स्वतः अवयव देणाऱ्यालाच मिळते. दात्याची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाला नाही. त्यामुळे आपल्याला तुमचे २१ दिवसच नीट वापरायचे आहेत. बहुतेक घरे इथेच चुकतात, कारण सगळी रजा शस्त्रक्रियेच्या आठवड्यात संपते आणि दाता रुग्णालयाजवळच्या भाड्याच्या खोलीवर येतो तेव्हा जवळ कोणी उरत नाही.

दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली आणि काही गुंतागुंत झाली नाही, तर दात्याला साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात. वहिनींना त्याहून अधिक दिवस ठेवतात आणि नंतरही पहिले दोन-तीन महिने रक्ततपासणीसाठी वारंवार यावे लागत असल्याने रुग्णालयाजवळच राहायला सांगतात. नवरा-बायकोतच दान होते तेव्हा एकमेकांची काळजी घेणारी दोन्ही माणसे एकाच दिवशी अंथरुणाला खिळतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी किरकोळ रजा टाका, पुढचे दोन-तीन दिवस वॉर्डाबाहेर तुमच्या वीस वर्षांच्या भाच्याला बसू द्या, आणि अर्जित रजा दादा खोलीवर येतील त्या दिवसापासून सुरू करा. त्यातले तीन दिवस मात्र अर्जात घालू नका, कारण वहिनींना ताप आला तर ते लागतील.

आता दादांचे काम. दुर्बिणीने केले तरी किडनी बाहेर काढण्यासाठी ओटीपोटाजवळ काही सेंटिमीटरचा छेद द्यावाच लागतो. वरची कातडी पंधरा दिवसांत भरून येते आणि माणसाला वाटते की झाले, बरे झालो. पण आतला, स्नायूंवरचा मजबूत पडदा त्याहून कितीतरी सावकाश सांधतो. म्हणून सहा आठवडे चार-पाच किलोंहून जड काही उचलायचे नाही, म्हणजे भरलेली कळशीसुद्धा नाही. टेबलावर बसून काम करणारा माणूस तीन-चार आठवड्यांत रुजू होऊ शकतो. पाण्याने जड झालेले जाळे ओढणाऱ्याने आठ आठवडे धरावेत, आणि छेद मोठा द्यावा लागला तर त्याहूनही जास्त. घाई केली तर टाक्यांच्या जागी हर्निया होण्याची भीती असते. खोकताना किंवा उठताना तिथे मऊ फुगवटा दिसला आणि आडवे झाल्यावर तो आत गेला, तर दुखत नसले तरी दाखवायला यावे. थकवा मात्र टाके भरल्यावरही काही आठवडे राहतो. तो आळस नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यावे.

सुदैवाने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते. ६ जूनपासून आठ आठवडे मोजले की १ ऑगस्ट येतो. हिशेब इतका नेमका जुळतो म्हणूनच मी ताईंना सावध केले, की शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाऊ शकते आणि दादांनी मालकाकडून नव्या हंगामाची उचल १ ऑगस्टच्या बोलीवर घेऊ नये.

झालेही तसेच. वहिनींच्या डायलिसिसच्या नळीला जंतुसंसर्ग होऊन ताप आला आणि शस्त्रक्रिया १४ जूनला झाली. ताईंनी रजेचा अर्ज भरला नव्हता, म्हणून ती वाया गेली नाही. दादा १८ तारखेला खोलीवर आले आणि ताई त्याच दिवशी पोचल्या. पहिल्या आठवड्यात दादांना बिछान्यावरून उठताना कुशीवर वळून हाताचा आधार घ्यावा लागत होता. जुलै उजाडला तेव्हा ते स्वयंपाकाचे पाहत होते आणि वहिनींना तपासणीलाही नेत होते. ताई ६ जुलैला कामावर गेल्या तेव्हा राखलेले तीन दिवस अजून शिल्लक होते.

सहाव्या आठवड्यात दादांनी मला विचारले, की बोटीवर जाऊन निदान जाळी शिवू का. बसून शिवायला हरकत नव्हती, ओढायला होती. ९ ऑगस्टला आठ आठवडे पूर्ण झाल्यावर शल्यविशारदांनी पोट तपासून परवानगी दिली. त्या दिवशी मी बोट चालवणाऱ्या तांडेलांशी फोनवर बोलले. बोटीवरच्या औषधांच्या डब्यात अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या असतात, आणि एका किडनीवर जगणाऱ्या माणसाने त्या किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना न विचारता कधीच घ्यायच्या नसतात. तांडेलांनी दादांसाठी पॅरासिटामॉलची वेगळी पाकिटे ठेवली आणि पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांना जाळ्याऐवजी मासळी निवडायला बसवले.