हॉटेलला वड्याच्या पिठाचा पुरवठा: ठेव मोडण्याआधी तीन आठवड्यांची चाचणी

प्रश्न : मी मालवण तालुक्यात घरी कोंबडी-वड्यांचे पीठ करून विकते. वीस किलोमीटरवरच्या एका हॉटेलमालकांनी ‘आठवड्याला चाळीस किलो लागेल’ असे सांगितले आहे. १,२०,००० रुपयांची मुदत ठेव मोडून त्यातून ६०,००० ची दळणयंत्रणा आणि उरलेल्या पैशांतून धान्याचा साठा घ्यावा का?

उत्तर : ताई, सध्या ठेव मोडू नये, असे माझे मत आहे. मालकांच्या हेतूवर मला शंका नाही. परंतु ‘चाळीस किलो लागेल’ हा त्यांचा अंदाज आहे, ती मागणी नव्हे, आणि अंदाजावर यंत्र विकत घेणे महागात पडते.

आपण पाठवलेल्या आकड्यांनुसार एका किलोला धान्य ७२, गिरणीची दळणावळ ८, भाजणे व पिशवी ६ आणि, वीस किलोच्या एका फेरीला १२० रुपये धरल्यास, वाहतूक ६, असे एकूण ९२ रुपये पडतात. विक्रीचा दर १२० ठेवल्यास किलोमागे २८ आणि आठवड्याला १,१२० रुपये हाती राहतात. यंत्रामुळे वाचणार ती केवळ दळणावळ. ऑक्टोबर ते मे हा पर्यटनाचा हंगाम ३५ आठवड्यांचा धरला, तर १,४०० किलोवर ११,२०० रुपये वाचतील आणि त्यातून विजेचा खर्च वजा होईल, म्हणजे यंत्राची किंमत वसूल व्हायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. पावसाळ्यात समुद्रातले पर्यटन थंडावते आणि श्रावणात अनेक घरांत मांसाहार वर्ज्य असतो, त्यामुळे ते महिने मी हिशेबात धरलेलेच नाहीत.

त्याऐवजी मालकांना तीन आठवड्यांच्या चाचणी मागणीचा प्रस्ताव द्यावा. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर, साडेतीन-चारच्या सुमारास जावे आणि एका कागदावर एवढेच लिहून न्यावे : दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दहाच्या आत दहा किलो पीठ, पाच किलोच्या दोन पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर दळल्याची तारीख, दर १२० रुपये, चाचणीपुरते पैसे माल उतरताच. मंगळवारच्या मागणीत बदल हवा असल्यास रविवारी रात्रीपर्यंत आणि शुक्रवारच्या मागणीत बदल हवा असल्यास बुधवारी रात्रीपर्यंत कळवावा, म्हणजे आपल्याला भाजून, दळून आणायला एक पूर्ण दिवस मिळतो. शुक्रवार मुद्दाम निवडला आहे, कारण शनिवार-रविवारची गर्दी त्याच पिठावर निघायची असते.

सहा फेऱ्यांत साठ किलो पीठ जाईल. दहा किलोच्या फेरीलाही वाहतूक १२० रुपयेच पडणार असल्याने एकूण खर्च सुमारे ५,८८० रुपये होईल आणि ७,२०० रुपये येतील. त्यामुळे या काळातला नफा पाहून निर्णय घेऊ नये. पाहायचे ते वेगळेच आहे. पहिल्या आठवड्यात नावीन्य असते, म्हणून तिसऱ्या आठवड्यातली मागणी खरी मानावी, आणि मालकांपेक्षा आचाऱ्याला अधिक विचारावे. वडा फुगतो का, तेल पितो का, पीठ मागच्या खेपेइतकेच पाणी घेते का, हे तोच सांगेल. दळण एकदा रवाळ आणि एकदा बारीक आले, तर आचारी तक्रार न करता गुपचूप जुन्या दुकानाकडे वळतो. मंगळवारी पोहोचल्यावर शुक्रवारची एक पिशवी न उघडलेली दिसली, तर तीच तक्रार समजावी.

चाचणी जमल्यावर खरा प्रश्न उधारीचा येतो, यंत्राचा नव्हे. महिनाभराचे बिल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला मिळणार असेल, तर जवळपास सहा आठवड्यांचा माल, म्हणजे आपल्या खर्चाने सुमारे २२,००० रुपये अडकून राहतील. दर शुक्रवारी मागच्या आठवड्याचे बिल चुकते करण्याचे ठरले, तर हीच रक्कम ७,४०० च्या आतबाहेर राहते. दोन बिले थकली की पुढचा माल थांबेल, हे सुरुवातीलाच सौम्य शब्दांत लिहून घ्यावे. थकबाकी झाल्यावर ते बोलणे फार अवघड जाते. आपली उद्यम नोंदणी असेल, तर लेखी करार असतानाही पैसे देण्याची मुदत कायद्याने ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांकही बिलावर असावा.

दर वर्षभरासाठी बांधू नये. उडीद आणि तांदूळ दोन्ही महागले, तर २८ रुपयांतले दहा-बारा सहज जातात. म्हणून दर तीन महिन्यांनी दराचा फेरविचार करण्याची अट ठेवावी. जूनपासून फेरी आठवड्याला एकच करावी, अन्यथा दहा किलोसाठी १२० रुपयांची वाहतूक चालूच राहील.

खेळत्या भांडवलासाठी पैसे लागलेच, तर ठेव मोडण्याऐवजी त्याच ठेवीवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्यावा. त्याचे व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा थोडे अधिक असते, पण जेवढी रक्कम जितके दिवस वापराल तेवढ्यावरच ते लागते. त्याच रस्त्यावरचे दुसरे हॉटेल मिळून मागणी आठवड्याला शंभर किलोच्या पुढे स्थिरावली आणि गिरणीत आपले दळण वेळेवर होईनासे झाले, की यंत्राचा हिशेब नव्याने मांडू.